नातीला लग्नाच्या आदल्या रात्री द्यायच्या पत्रात नेमकं काय लिहावं?

प्रश्न: माझ्या नातीचं लग्न आठ दिवसांवर आलंय. आदल्या रात्री तिच्या हातात एक पत्र द्यायचंय, प्रेम टिकतं कशानं ते सांगणारं. माझा संसार 52 वर्षांचा, हे अजून सोबत आहेत. पण कागद घेऊन बसले की नुसते सुविचारच उतरतात, एकमेकांना समजून घ्या वगैरे. तीन कागद फाडले. काय लिहू?

उत्तर:

आजी, मी 24 वर्षं नवराबायकोंचं काउन्सेलिंग करते, आणि अशी पत्रं माझ्यापर्यंत बरेचदा पोचतात. म्हणजे लग्नाला तीन-चार वर्षं झालेली मुलगी समोर बसलेली असते, बोलता बोलता म्हणते, आजीनं मला पत्र दिलं होतं. मी दरवेळी विचारते, काय होतं त्यात? पत्र सुविचारांचं असेल तर ती म्हणते छान होतं, आणि पुढे काही आठवत नाही. आजीनं स्वतःचा एखादा प्रसंग लिहिलेला असेल तर मात्र तो तिला अगदी तारीखवार पाठ असतो, कोण कुठे उभं होतं इथपर्यंत. त्यामुळे तुम्ही ते तीन कागद फाडलेत ते बरं केलंत असंच मला वाटतं.

ह्याचं कारण साधं आहे. "समजून घ्या" हे वाक्य शांत असताना पटतं, पण त्याची गरज पडते ती भांडणात, आणि तेव्हा डोकं ते वाक्य वापरायच्या स्थितीतच नसतं. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन ह्या दोघांनी नवराबायकोंना लॅबमध्ये समोरासमोर बसवून, वादाच्या विषयावर बोलायला लावून, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं बोलणं नीट ऐकूच येत नाही, म्हणजे कानावर पडतं पण आत पोचत नाही, जुनीच वाक्यं तोंडातून परत परत निघतात. एकदा तर त्यांनी मशीन बिघडलंय असं सांगून जोडप्यांना भांडण मध्येच थांबवायला लावलं, अर्धा तास मासिकं वाचायला दिली आणि मग परत बोलायला बसवलं. माणसं तीच, विषयही तोच, पण बोलण्याचा सूर बदललेला. मी माझ्याकडे येणाऱ्यांना निदान 20 मिनिटांची सुट्टी घ्यायला सांगते ते ह्याच्यामुळेच, आणि त्या 20 मिनिटांत मनात भांडण घोळवत बसायचं नाही हेही सांगते, नाहीतर ठोके काही खाली येत नाहीत.

आता मला ज्या गोष्टी माहीत नाहीत त्या आधी सांगते, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. नात आणि तो मुलगा एकमेकांना किती वर्षं ओळखतात, एकदा तरी कडाक्याचं भांडलेत का, तुमचा स्वतःचा संसार मनासारखा झाला की रेटावा लागला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रेटावा लागला असेल तरी पत्र लिहू नका असं मी म्हणणार नाही, फक्त मग ते सुखाचं म्हणून रंगवू नका, नातींना ते कळतं, त्यांनी तुम्हाला लहानपणापासून पाहिलेलं असतं.

माझं मत विचाराल तर पत्रात एकच गोष्ट लिहा: तुमच्या दोघांचं एक मोठं भांडण, आणि त्यातून तुम्ही परत एकमेकांकडे कसे आलात. भांडण का झालं हे दोन ओळींत, परत कसे आलात हे दोन परिच्छेदांत. प्रेम टिकणं म्हणजे काय ते तिला तिथे दिसेल.

भांडणच का, तर नव्या नवरीला वाटत असतं की आपल्यात प्रेम आहे म्हणजे वाद मिटत जातील. ते बहुतेक मिटत नाहीत. गॉटमन ह्यांनी जोडप्यांना काही वर्षांनी परत बोलावून पाहिलं तेव्हा त्यांच्या वादांपैकी साधारण 69 टक्के वाद कायमचे निघाले, म्हणजे दोघांच्या स्वभावात, सवयींत मुळं असलेले, तेच विषय आणि जवळपास तीच वाक्यं. आणि सुखानं राहणारी जोडपी ह्याला अपवाद नव्हती. एकाला घड्याळाच्या आधी निघायचं असतं, दुसऱ्याला शेवटच्या क्षणी. एकाला पैसे हातात ठेवायचे असतात, दुसऱ्याला मोकळे करायचे असतात. ते आयुष्यभर तसंच राहतं. पहिल्या वर्षात तिसऱ्यांदा तेच भांडण झालं की मुलीला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, माणूस चुकीचा निवडला. माझ्याकडे येणाऱ्या नव्या जोडप्यांत ही भीती मला सगळ्यात जास्त दिसते. तिथे आजीचं एक वाक्य फार कामाचं ठरतं, की आम्ही 52 वर्षं ह्याच गोष्टीवरून भांडतोय आणि अजून भांडतो. तुमचा तो विषय कोणता आहे ते आठवा, तुम्हाला लगेच आठवेल, आणि तो नाव घेऊन लिहा.

एक उदाहरण सांगते, त्या आजींनी सांगायला परवानगी दिलीय, ओळख पटेल असं काही ठेवत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, नातीसाठीच पत्र लिहीत होत्या आणि पहिला खर्डा घेऊन माझ्याकडे आल्या. चार पानं. मी पेन्सिल घेऊन फक्त "करावं", "ठेवावं", "बोलू नये" असे शब्द मोजले, सव्वीस निघाले. त्यांना म्हटलं हे बाजूला ठेवा, आणि मला सांगा की ह्या लग्नातून उठून निघून जावं असं तुम्हाला सगळ्यात जास्त कधी वाटलं होतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, सहाव्या वर्षी.

झालं होतं असं, की घर बदलायचं म्हणून त्या दोघांनी पैसे साठवले होते आणि नवऱ्यानं त्यातले निम्मे न विचारता आपल्या भावाला दिले. भाऊ अडचणीत होता हे खरं, पण विचारलं नाही हेही खरं. त्यांना कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून. त्यानंतर 11 दिवस अबोला, काही सांगायचं झालं तर मुलाच्या मार्फत. मी विचारलं, अकराव्या दिवशी काय झालं? त्या म्हणाल्या काही नाही, मिटलं. मी म्हटलं असं मिटत नाही, कोणीतरी काहीतरी केलं असणार, आठवा. आणि इथेच आजी, तुम्हालाही थोडा नेट लावावा लागेल, कारण आपल्याला भांडण जितकं लख्ख आठवतं तितकं परतणं आठवत नाही, ते बारीक असतं, त्यात नाट्य नसतं.

तर निघालं ते असं. अकराव्या रात्री नवऱ्यानं हिशेबाची वही, जी तोवर फक्त त्याच्याच कपाटात असायची, ती आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, ह्यापुढे दोघांनी लिहायची. बास. माफी मागितली नाही, भावाला दिले ते चूक होतं असंही म्हणाला नाही. त्यांनी त्या रात्री वहीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी त्या वहीत आदल्या दिवसाचा खर्च लिहिला, एक ओळ, आणि वही उघडीच ठेवली.

मी त्यांना म्हटलं, तुमचं पत्र हेच. कारण ह्यात दोन गोष्टी आहेत ज्या मी वर्षानुवर्षं लोकांना समजावत बसते. पहिली, तो रिकाम्या हातानं परत आला नाही, पुढे काय बदलणार ते घेऊन आला. सॉरी म्हणणं वाईट नाही, पण नुसतं सॉरी तिसऱ्या-चौथ्या वेळेला पोकळ वाटायला लागतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, की त्याचा प्रयत्न अर्धवट होता आणि तरी त्यांनी तो घेतला. पूर्ण माफी हवी म्हणून त्या अडून बसल्या असत्या तर बाराव्या, तेराव्या दिवशी वही परत कपाटात गेली असती. माझ्यासमोर जी जोडपी बसतात त्यांच्यात परत यायचा प्रयत्न कोणीच करत नाही असं फार क्वचित असतं. बहुतेकदा एकजण काहीतरी करतो, फार ओबडधोबड करतो, म्हणजे मध्येच उठून दिवा लावतो, उगाच काहीतरी विचारतो, आणि दुसऱ्याच्या ते लक्षातच येत नाही, किंवा येतं पण तो म्हणतो एवढ्यानं नाही चालणार.

त्यांनी मग जे लिहिलं त्यातला भाग खाली देते, नमुना म्हणून. कॉपी करू नका, तुमची नात ओळखेल.

"राणी, तुझ्या आजोबांचं आणि माझं सहाव्या वर्षी असं भांडण झालं की मी बॅग काढून ठेवली होती. पैशावरून झालं. त्यांनी मला न विचारता दिले, ह्याचा राग मला आजही येतो, तू विचारलंस तर आजही आम्ही त्यावर भांडू. त्यांना वाटतं भाऊ अडला होता, मला वाटतं मला विचारायला हवं होतं, आणि हे दोन्ही तसंच राहणार आहे. पण अकराव्या दिवशी त्यांनी वही आणून ठेवली. मला ते पुरेसं वाटलं नव्हतं. मला वाटत होतं त्यांनी बसावं, बोलावं, चुकलं म्हणावं. रात्रभर मी त्या वहीकडे बघत होते. सकाळी माझ्या मनात आलं की ह्या माणसाला बोलता येत नाही हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे, आणि तरी तो उठून इथपर्यंत आला, तर उरलेलं थोडं मी चालून जाईन. म्हणून एक ओळ लिहिली. ती वही अजून आहे. आता अशा बऱ्याच झाल्यात. तू आलीस की दाखवते, त्यात माझं आणि त्यांचं अक्षर एकाखाली एक आहे."

बघा, ह्यात कुठेही प्रेम हा शब्द नाही, कुठे सल्लाही नाही.

आता एक अडचण. नात म्हणेल, असं मोठं भांडण क्वचित होतं, रोजचं काय? रोजचंही त्याच भांडणाला जोडलेलं आहे. गॉटमन ह्यांच्याच लॅबमध्ये नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यांचं बारीकसारीक वागणं टिपलं होतं, एकजण खिडकीतून म्हणतो, अरे तो पक्षी बघ, तर दुसरा मान वर करतो की नाही, एवढ्या बारीक पातळीवर. सहा वर्षांनी जी एकत्र होती ती अशा हाकांना 100 पैकी 86 वेळा ओ देत होती, आणि जी वेगळी झाली ती 33 वेळा. मी ह्याचा अर्थ असा लावते की साध्या दिवशी ओ मिळत असेल तर वाईट दिवशी परत यायचं धाडस होतं. वही आणून ठेवणाऱ्याला कुठेतरी ठाऊक असतं की ही ती भिरकावणार नाही. तेव्हा तुमच्या प्रसंगाच्या आधी किंवा नंतर साध्या दिवसाची एखादी ओळ घाला, आजोबा काय दाखवायला हाक मारतात आणि तुम्ही हातातलं टाकून बघायला जाता का. नाही जात असाल तर तेही लिहा.

पत्रात काय नको ते आता स्पष्टच सांगते, कारण इथे मी चांगल्या मनाच्या आज्यांकडून नुकसान झालेलं पाहिलंय. "सहन कर" किंवा त्याच्या जवळपास जाणारं काहीही नको. माझ्याकडे एक मुलगी यायची, नवरा हात उचलायचा, आणि ती दोन वर्षं कोणाला बोलली नाही कारण आजीच्या पत्रात होतं की संसार बाईच्या सहनशक्तीवर उभा राहतो. आजीच्या मनात तसं काही नव्हतं, आजीला कळलं तेव्हा ती कोसळली. म्हणून तुम्ही भांडणावर लिहिणार असाल तर भांडण आणि भीती ह्यातला फरक लिहिणं भागच आहे. भांडणात दोघंही आवाज चढवू शकतात, दोघंही नाही म्हणू शकतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघांपैकी कोणीही पुढे येऊ शकतं. एकच माणूस दरवेळी माघार घेतो, बोलायच्या आधी शब्द मोजतो, त्याचा फोन तपासला जातो, पैसे काढून घेतले जातात, माहेरी किंवा मित्रमैत्रिणींकडे जायला परवानगी लागते, किंवा एकदाही हात उचलला जातो, तर वहीची गोष्ट तिथे लागू नाही आणि परत यायची जबाबदारी तिची नाही. पत्रात एवढी एकच ओळ ठेवा, अगदी सरळ: "कधी त्याची भीती वाटली तर हे पत्र बाजूला ठेव आणि मला फोन कर, कुठल्याही वेळी, मी का म्हणून विचारणार नाही." आणि लिहाल ते पाळा, खरंच का म्हणून विचारू नका, पहिल्या फोनला तरी.

दुसरं, सगळं तिलाच सांगितल्यासारखं लिहू नका, जणू प्रेम टिकवायचं काम फक्त मुलीचं आहे. मी एक कसोटी वापरते. पत्र लिहून झालं की ते मनात नातजावयाला वाचून दाखवा. "तू" च्या जागी तो बसला तरी प्रत्येक वाक्य खरं राहत असेल तर पत्र बरोबर आहे. जे वाक्य फक्त बाईलाच लागू पडतं ते काढा. तो हे पत्र कधी ना कधी वाचणारच आहे, हेही लक्षात असू दे, त्यामुळे आजोबांची अशी एखादी गोष्ट नको जी त्यांना नातजावयापुढे खाली मान घालायला लावेल.

अजून एक गोष्ट तुम्ही तिला देऊ शकता जी मला देता येत नाही. ईलाय फिन्केल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 2013 साली एक प्रयोग छापला. 120 जोडप्यांना दोन वर्षं बघितलं. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच समाधान थोडं थोडं उतरत गेलं. दुसऱ्या वर्षी निम्म्यांना दर चार महिन्यांनी फक्त 7 मिनिटं लिहायला लावलं, की दोघांचंही भलं चिंतणारा एक तिसरा माणूस तुमचं हे भांडण बघत असता तर त्याला ते कसं दिसलं असतं. लिहिणाऱ्या जोडप्यांचं समाधान उतरायचं थांबलं, बाकीच्यांचं उतरत राहिलं. भांडणं कमी झाली नव्हती, त्यांचा त्रास कमी झाला होता. आता ह्यात अवघड भाग असा की दोघांचंही भलं चिंतणारा तिसरा माणूस आणायचा कुठून, बहुतेकांना असा कोणी डोळ्यासमोर येत नाही, आईवडील म्हटले तरी ते एका बाजूचे वाटतात. तुम्ही तो माणूस होऊ शकता. पत्रात लिहा की भांडण झालं की मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेय असं समज, मला तू पण प्रिय आणि तो पण, आणि मग मला मनातल्या मनात काय झालं ते सांग. हे चालायला एकच अट आहे, तुम्हाला तो मुलगा खरंच आवडायला हवा. अजून तेवढी ओळख नसेल तर ह्या आठ दिवसांत त्याच्याशी एकदा निवांत बोला, लग्नाच्या कामांबद्दल नको, दुसऱ्या कशाबद्दल तरी.

तर एवढं धरा: एक भांडण, त्यातलं परतणं सविस्तर, न मिटलेला विषय नावानिशी, साध्या दिवसाची एक ओळ, भीतीची एक ओळ, कोपऱ्यातली खुर्ची. कागदाच्या दोन बाजू खूप झाल्या. टाइप करून मोबाईलवर पाठवू नका, हातानं लिहा, अक्षर थरथरत असेल तरी चालेल, आणि एक फोटो काढून स्वतःकडे ठेवा, घर बदलताना अशी पत्रं हरवतात. आदल्या रात्री मुली दमलेल्या असतात, डोक्यात शंभर गोष्टी असतात, तेव्हा समोर उभं राहून वाचायला लावू नका. पाकिटावर लिहा, आत्ता नाही वाचलंस तरी चालेल, पहिल्या मोठ्या भांडणानंतर नक्की वाच.

आणि द्यायच्या आधी तो भांडणाचा परिच्छेद आजोबांना वाचून दाखवा. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींनी दाखवला. आजोबा म्हणाले, अकरा दिवस नव्हते, चार होते. आणि वही मी नाही आणली, ती तूच काढून टेबलावर ठेवली होतीस, मी फक्त उघडली. दोघं तासभर वाद घालत बसले, कोणीच मागे हटेना. शेवटी आजींनी आपला परिच्छेद होता तसाच ठेवला आणि खाली जागा सोडली, तिथे आजोबांनी त्यांच्या अक्षरात त्यांची हकीकत लिहिली, चार दिवसांची.